जुनी बाईक घेतली, आठव्या दिवसापासून निळा धूर. विकणाऱ्याला पत्र लिहितोय, मसुदा बघून सांगा

म्हसरूळकर

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितोय.

मागच्या महिन्यात एक १५० सीसी बाईक घेतली. ४१ हजार किलोमीटर झालेली, एमएच १५ पासिंग, व्यवहार ५२ हजारांत. विकणारा इंदिरानगरचा, नोकरदार माणूस, बोलायला गोड. सकाळी साडेआठला बघायला गेलो. एका किकमध्ये चालू, धूर नाही, आवाज नाही. गंगापूर रोडपर्यंत चक्कर मारून आलो, पिकअप चांगला. पैसे दिले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी घरी आणली.

पहिला आठवडा ठीक गेला. आठव्या दिवशी सिन्नरला चाललो होतो. मोहदरी घाटात मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवून वाजवून सांगत होता, मला वाटलं साइड मागतोय. थांबून बघतो तर मागे निळा धूर. ऑइलची काडी काढली तर टोकालाही लागेना. जेमतेम ७०० किलोमीटर चालली होती आणि त्यात ६०० मिली ऑइल टाकावं लागलं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडे होती तोवर काही नव्हतं, तुम्ही रेस करून चालवली असेल." त्यानंतर फोन उचलत नाही. पंचवटीतला आमचा मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन काम निघेल, नऊ-साडेनऊ हजार.

आता पत्र पाठवायचं ठरवलंय. मसुदा असा:

"तुम्ही मला खराब इंजिनची गाडी विकून माझा घोर विश्वासघात केला आहे. सात दिवसांच्या आत माझे ५२,००० रुपये आणि मानसिक त्रासाचे २५,००० रुपये परत करा, अन्यथा तुमच्यावर ४२०चा गुन्हा दाखल करून तुमच्या ऑफिसलाही कळवले जाईल."

हे बरोबर आहे का? आणि आधी काम करून घेऊन बिल जोडू की आधी पत्र पाठवू?

गोदाकाठ

४२० आता राहिलं नाही भाऊ. १ जुलै २०२४ पासून ३१८ झालंय. धमकीसुद्धा अपडेट करावी लागते :)

सातपूरचा_मिस्त्री

पत्राचं वकील लोक बघतील. आधी इंजिनचं बोलू, कारण तुम्ही "खराब इंजिन" लिहिलंय आणि समोरचा विचारणार, खराब म्हणजे काय?

दोन गोष्टी सांगा. एक, धूर नेमका कधी येतो? सकाळी चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंद येऊन बंद होतो, की रेस दिल्यावर सतत येतो? पहिला असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील. रात्रभर ऑइल झिरपून खाली उतरतं, चालू केलं की जळतं आणि संपतं. ते हजार-बाराशेचं काम आहे, त्यासाठी एवढं रामायण नको. दुसरा असेल, त्यातही चढावर लोड पडल्यावर जास्त असेल, तर रिंगा किंवा बोअर.

दोन, हेड उघडलंय का अजून? नसेल तर हात लावू नका, मेकॅनिकलाही लावू देऊ नका. का ते पुढे सांगतो.

देवळालीकर

माझ्याही बाबतीत असंच झालं होतं. गाडी विकली, समोरच्याने नाव ट्रान्सफरच केलं नाही. दीड वर्ष ई-चलान माझ्या मोबाइलवर. एकदा तर द्वारका सर्कलला सिग्नल तोडल्याचं आलं, मी तेव्हा नागपूरला होतो. पेठ रोडला आरटीओच्या चार चकरा मारल्या. म्हणून सांगतो, आधी नाव ट्रान्सफर करून घ्या.

अनामिका_सिडको

काका, ते घेणारे आहेत, विकणारे नाहीत. आणि प्रश्न इंजिनचा आहे.

देवळालीकर

अच्छा. तरी ट्रान्सफरचं बघाच.

बुलेटराव

सोपं आहे. ग्राहक मंचात तक्रार टाका. पाच लाखांपर्यंत फीच नाही, वकीलही लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते. महिन्याभरात वठणीवर येईल.

वकीलकाकू

बुलेटराव, फी आणि मुदत बरोबर सांगितलीत, पण दार चुकलं. ग्राहक आयोगात तक्रार चालते ती व्यापाऱ्याविरुद्ध किंवा सेवा देणाऱ्याविरुद्ध. हीच गाडी जुन्या गाड्यांच्या दुकानातून किंवा डीलरकडून घेतली असती तर मीही तिथेच जा म्हटलं असतं. इथे एका नोकरदाराने स्वतःची वापरलेली एक गाडी विकली आहे, तो व्यापारी नाही. तक्रार दाखल करून घेतानाच हा प्रश्न निघेल.

म्हसरूळकर, तुमच्या पत्राबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नका. या पत्राने तुम्हाला एक रुपयाही मिळणार नाही. वर "पैसे दे नाहीतर गुन्हा दाखल करतो, ऑफिसला कळवतो" हे वाक्य उद्या तुमच्याच अंगावर येऊ शकतं. गुन्हा झाला असं वाटत असेल तर ठाण्यात जाऊन तक्रार द्या, तो तुमचा हक्क आहे. (तिथे "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायची तयारी ठेवा.) पण त्याची भीती घालून पैसे मागू नका. मानसिक त्रासाचे २५ हजारही काढा. त्या आकड्यामुळे समोरचा पत्र बाजूला ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. जुन्या वस्तूच्या व्यवहारात "बघून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची" हे तत्त्व आपल्याकडे १९३०च्या वस्तुविक्री कायद्यात आहे. म्हणजे गाडी खराब निघाली एवढ्यावर काही होत नाही. तुम्हाला दाखवावं लागेल की तो खोटं बोलला किंवा त्याने मुद्दाम लपवलं. नुसता गप्प बसला असेल तर सहसा ती फसवणूक धरत नाहीत.

१८७२च्या करार कायद्यात कलम १७ खाली याचं घोड्याचं उदाहरण आहे. अ ला माहीत आहे की आपला घोडा आजारी आहे. तो लिलावात ब ला विकतो आणि काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढच्याच एका उदाहरणात ब म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन." अ गप्प राहतो. इथे मात्र त्याचं गप्प बसणं बोलण्याइतकंच धरलं आहे.

म्हणून माझा प्रश्न एवढाच, तुम्ही घोडा आजारी आहे का असं विचारलं होतंत का? आणि तो काय म्हणाला? लेखी आहे?

गोदाकाठ

१८७२ पासून घोडेवाले हेच करतायत आणि आपण ओएलएक्सला दोष देतो.

भटक्या०७

आमच्या आजोबांनी घोटीच्या बाजारात बैल घेतला होता. घरी आल्यावर कळलं एका डोळ्याने दिसत नाही. आजोबा परत गेले तर विकणारा म्हणाला, "तुम्ही त्याच बाजूला उभे होता, मला वाटलं बघितलंत."

म्हसरूळकर

काकू, राग कसला, डोळे उघडले. व्हॉट्सअॅप वर जाऊन शोधलं. व्यवहाराच्या दोन दिवस आधीचं संभाषण सापडलं. माझा प्रश्न: "इंजिनचं काही काम झालंय का? ऑइल वगैरे खाते का?" त्याचं उत्तर: "इंजिन कधीच उघडलेलं नाही. एकदम ओके. ऑइलचा काहीच प्रॉब्लेम नाही."

मिस्त्री, धूर रेस दिल्यावर सतत. सकाळी उलट कमीच. चढावर सगळ्यात जास्त. हेड उघडलेलं नाही.

आणि एक आठवलं. मी गेलो तेव्हा सकाळचे साडेआठ होते, पण सायलेन्सरला हात लागला तर चटका बसला होता. तो म्हणाला, आत्ताच मुलाला शाळेत सोडून आलो. मी विश्वास ठेवला.

सातपूरचा_मिस्त्री

गरम करून दाखवलेली गाडी हा जुना खेळ आहे. त्याच्या जोडीला जाड ऑइल भरायचं. जिथे पातळ ग्रेड सांगितलंय तिथे जाड टाकलं की झिजलेल्या रिंगांतूनही काही दिवस ऑइल वर कमी चढतं, आवाजही दबतो. काहीशे किलोमीटर निभतं. तुमची गाडी आठवडाभर ठीक चालली ती त्यामुळेच असेल. पण ते सिद्ध होणार नाही, कारण तुम्ही वरून नवीन ऑइल ओतलंय. सोडून द्या.

मुलाला शाळेत सोडून आला हे खरंही असू शकतं, तेही सोडा.

आता इंजिन न उघडता काय करायचं ते. मेकॅनिकला म्हणा, प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लाव. आकडा लिहून ठेव. मग त्याच प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोड, दोन-चार किक मारून पसरव आणि परत मोज. दुसरा आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगा आणि बोअरमधून आहे, कारण ते ऑइल थोडा वेळ फट बुजवतं. चढलाच नाही तर व्हॉल्व्हकडे बघा. दोन्ही वेळा गेजचा फोटो घ्या, मागे गाडीची नंबर प्लेट येऊ द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि उघडू नका का म्हणालो, तर उद्या तो म्हणेल, "तुमच्या मेकॅनिकने उघडून बिघडवलं." उघडल्यावर इंजिन काही सांगत नाही, मेकॅनिक सांगतो.

वकीलकाकू

मिस्त्रींनी शेवटी जे लिहिलं ते कायद्याच्या भाषेतही तसंच आहे. आधी दुरुस्ती करून बिल पाठवलं तर पुरावा गेला, आणि "गाडी ठेवून घेतली" असाही अर्थ निघतो. म्हणून पत्र आधी. आणि पत्रातच त्याला बोलवा, अमुक दिवशी अमुक गॅरेजमध्ये इंजिन उघडणार आहोत, तू किंवा तुझा मेकॅनिक हजर राहा. आला तर उत्तम. नाही आला तर "मला न विचारता उघडलं" असं म्हणायची सोय त्याला राहत नाही.

तोवर गाडी चालवू नका. आणखी दोन हजार किलोमीटर हाणलीत तर कोण मानेल तुमची तक्रार?

तो व्हॉट्सअॅपचा मेसेज सोनं आहे. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर राहू नका.

एक_विक्रेता

दुसरी बाजूही ऐका. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटर विकली. खरंच चांगली होती. घेणाऱ्याने महिनाभराने फोन केला की इंजिन गेलं, अर्धे पैसे द्या. माझी झोप उडाली. नंतर कळलं त्याने ऑइल बदलायला दिलं होतं, ड्रेन बोल्ट नीट बसला नव्हता, सगळं ऑइल रस्त्यात सांडलं आणि इंजिन जाम. तरी त्याचं म्हणणं एकच, मी फसवलं.

जुनी गाडी आहे, कधी ना कधी काही निघणारच. प्रत्येक विकणारा चोर नसतो. म्हसरूळकरांनी चालवून, बघून, समाधान झाल्यावरच पैसे दिले ना?

अनामिका_सिडको

मुद्दा बरोबर आहे, पण तुम्ही लेखी खोटं बोलला नव्हतात. इथे थेट प्रश्नाला थेट उत्तर आहे.

एक_विक्रेता

तो खोटं बोलला हे अजून कुठे ठरलंय? त्यालाही माहीत नसेल.

म्हसरूळकर

एक_विक्रेता यांचं म्हणणं दोन दिवस डोक्यात होतं, कारण एक गोष्ट मी इथे लिहिलीच नव्हती. डिलिव्हरीच्या कागदावर माझी सही आहे: "गाडी पाहून, चालवून, जशी आहे तशी घेतली. पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही." सगळेच लिहून घेतात म्हणून केली.

टेस्ट केली. कोरडं ८५. ऑइल टाकून १२५.

सातपूरचा_मिस्त्री

मॉडेलनुसार आकडे बदलतात, गेजही खोटं बोलतं, पण चाळीसचा फरक म्हणजे रिंगा-बोअर. शंका नको.

बुलेटराव

सही केलीत म्हणजे विषय संपला. "जशी आहे तशी" लिहून दिल्यावर काहीही करता येत नाही. आता काम करून घ्या आणि विसरा.

वकीलकाकू

तुम्ही दुसऱ्यांदा अर्धं बरोबर आहात :)

त्या ओळीने केस कमजोर होते हे खरं. पण ती ओळ खोटं बोलायचा परवाना नाही. कलम १९ मध्ये बारकावा आहे. समोरचा नुसता गप्प बसला असेल किंवा चुकून, स्वतःला खरं वाटून चुकीचं बोलला असेल, आणि तुम्हाला साध्या काळजीने खरं कळण्यासारखं होतं, तर तुम्ही करार मोडू शकत नाही. पण माहीत असून तोंडाने किंवा लेखी खोटं सांगितलं असेल तर "तुम्ही मेकॅनिक का नेला नाही?" हे उत्तर त्याच्या कामाचं नाही.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, त्याला माहीत होतं का? पत्रात हे सिद्ध झालंय असा आव आणू नका. काय विचारलं, काय उत्तर आलं, काय सापडलं, एवढंच लिहा.

गोदाकाठ

मसुदा दोन येऊ द्या. पहिल्यात ऑफिसला कळवणार होतात, यात सासुरवाडीला कळवा.

म्हसरूळकर

हा घ्या. बायकोने तीनदा वाचून विशेषणं कापली.

"श्री. ______ यांस,

दि. ६ रोजी मी आपल्याकडून एमएच १५ ____ ही मोटारसायकल ५२,००० रुपयांस घेतली. त्या वेळी मीटर ४१,२१० किमी होते.

व्यवहारापूर्वी, दि. ४ रोजी, इंजिनचे काम झाले आहे का आणि गाडी ऑइल खाते का असे मी आपणांस व्हॉट्सअॅपवर विचारले. 'इंजिन कधीच उघडलेलं नाही. एकदम ओके. ऑइलचा काहीच प्रॉब्लेम नाही' असे आपण लिहिले. त्या उत्तरावर विसंबून मी गाडी घेतली.

दि. १४ रोजी, ७०० किमीच्या आत, रेस दिल्यावर सतत निळा धूर येऊ लागला आणि ६०० मिली ऑइल कमी झाले. दि. २२ रोजी केलेल्या कॉम्प्रेशन तपासणीचे आकडे व फोटो सोबत आहेत. इंजिन उघडलेले नाही व गाडी तेव्हापासून उभी आहे.

पुढील रविवारी सकाळी १० वाजता पंचवटीतील ______ गॅरेजमध्ये इंजिन उघडण्यात येईल. आपण किंवा आपला मेकॅनिक यांनी हजर राहावे. दुसरी तारीख सोयीची असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.

आपण सांगितल्याप्रमाणे इंजिन नसल्याचे आढळल्यास, गाडी परत घेऊन रक्कम परत करणे किंवा दुरुस्तीचा खर्च देणे, यांपैकी एक मार्ग १५ दिवसांत स्वीकारावा, ही विनंती."

रजिस्टर एडीने पाठवू ना?

वकीलकाकू

उत्तम. "विसंबून" हा शब्द अजिबात काढू नका, सगळं पत्र त्यावर उभं आहे. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती मागून घ्या. तेच पत्र फोटो काढून व्हॉट्सअॅपवरही टाका, निळ्या टिकल्या दिसतील. धुरापेक्षा तो निळा रंग बरा.

एक दुरुस्ती. खर्चाचा आकडा लिहा, पण मेकॅनिकचं पूर्ण बिल नको. मिस्त्री सांगतील यातलं त्याच्या माथी काय मारता येतं.

सातपूरचा_मिस्त्री

अंदाजपत्रक टाका.

म्हसरूळकर

ब्लॉक-पिस्टन किट ४,६००, पॅकिंग सेट ४५०, व्हॉल्व्ह सील आणि लॅपिंग ९००, टायमिंग चेन ८५०, ऑइल ४००, मजुरी २,०००. एकूण ९,२००.

सातपूरचा_मिस्त्री

टायमिंग चेन ४१ हजारांवर बदलावीच लागते, ती तुमची. ऑइल तुमचं. राहिले ७,९५०. तेवढेच मागा. हजारात न बसणारा आकडा दिसला की माणसाला कळतं की समोरच्याने हिशोब करून मागितलंय.

भटक्या०७

मिस्त्री, तुमचं गॅरेज कुठे आहे? माझी गाडी थंडीत तीन किक घेते.

सातपूरचा_मिस्त्री

थंडीत तीन किक घेते म्हणजे तब्येत चांगली आहे. चोक ओढा.

म्हसरूळकर

अपडेट. पत्र पोचलं, पोचपावती आली. शुक्रवारी त्याचा फोन, आधी चढ्या आवाजात, मग शांत. रविवारी स्वतः आला नाही, मेहुण्याला पाठवलं. मेहुणा मात्र सरळ माणूस, चहा घेतला, सगळं बघितलं, व्हिडिओ काढला.

ब्लॉक काढला. बोअरला उभ्या रेघा, नखाला लागतात. आणि पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पुसल्यावर कोरलेलं दिसलं: ०.५०.

सातपूरचा_मिस्त्री

मग काय राहिलं? ०.५० म्हणजे अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज. कंपनीतून गाडी असा पिस्टन घेऊन येत नाही. आधी कधीतरी ब्लॉक काढून लेथवर बोअर मारलाय, मोठा पिस्टन घातलाय. "कधीच उघडलेलं नाही" तिथेच खोटं ठरलं. नखाला लागणाऱ्या रेघा म्हणजे त्यानंतरही एकदा ऑइल कमी असताना पळवलेली दिसते.

एक_विक्रेता

आरसीवर तो कितवा मालक?

म्हसरूळकर

दुसरा. आणि तो आता हेच म्हणतोय. "माझ्याकडे असताना कधीच उघडलं नाही, आधीच्याने केलं असेल, मला काय माहीत."

एक_विक्रेता

बघा. हेच मी म्हणत होतो. तो खरं बोलत असेल तर?

वकीलकाकू

असू शकतं, आणि तसं असेल तर "उघडलेलं नाही" हे वाक्य चुकीचं असलं तरी फसवणूक ठरणार नाही. त्याने "माझ्याकडे असताना" असं लिहिलं नव्हतं, "कधीच" लिहिलं, हा तुमचा मुद्दा. पण मेसेजमध्ये दुसरं वाक्यही आहे, ऑइलचं. ते तर त्याच्याच काळातलं. त्याबद्दल काही सापडतं का?

म्हसरूळकर

सापडलं. टूलकिटच्या पिशवीत घडी घातलेलं एका गॅरेजचं बिल. व्यवहाराच्या सात आठवडे आधीचं, त्याच्याच नावाचं. "ऑइल टॉप-अप ४०० मिली." मागच्या बाजूला पेनने "रिंग – अंदाजे" आणि पुढे आकडा नाही. मेहुण्यासमोरच निघालं. मेहुणा काही बोलला नाही, दुसरा चहा सांगितला.

बुलेटराव

जिंकलात!

एक_विक्रेता

टॉप-अप सगळेच करतात. ऑइल बदलायला उशीर झाला तर थोडं कमी होतंच. मागचं अक्षर कुणाचं, ते त्याने वाचलं का, कोण सांगणार?

वकीलकाकू

कोर्टात हेच प्रश्न येतील, त्यामुळे "जिंकलात" नको. पण बिल महत्त्वाचं आहे. मूळ कागद प्लास्टिकमध्ये ठेवा, कुठे आणि कुणासमोर सापडला ते आजच तारखेसह लिहून ठेवा.

म्हसरूळकर

काल रात्री त्याचा फोन. म्हणाला चार हजार देतो, "यापुढे काही येणं नाही" असं लिहून द्या. मी सहा म्हटलं. विचार करतो म्हणाला. इथे काय वाटतं?

अनामिका_सिडको

७,९५० पेक्षा एक रुपया कमी घेऊ नका. कागद तुमच्या बाजूने आहेत.

गोदाकाठ

चार घ्या आणि मिसळ खायला बोलवा. धागा वाचून भूक लागली.

एक_विक्रेता

मी त्याच्या जागी असतो तर पाच दिले असते. खरंच माहीत नसतं तरी दिले असते.

वकीलकाकू

आठ हजारांसाठी दिवाणी दावा लावलात तर पहिल्या वर्षाचं रिक्षाभाडंच तेवढं होईल. मुदत तीन वर्षांची आहे, घाई नाही. मधला रस्ता आहे: जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. दावा न लावताही दोघांना बोलावून तडजोड घडवायचा प्रयत्न होतो, फी नाही. तो आलाच पाहिजे अशी सक्ती मात्र नाही. सहा मिळाले तर मी घेईन. पाचला काय करीन ते मलाही सांगता येत नाही. आणि जे काही लिहून द्याल त्यात रक्कम मिळाल्याची तारीख आधी, "येणं नाही" नंतर. पैसे खात्यात आल्याशिवाय सही नको, मागच्या वेळी "सगळेच करतात" म्हणून केलीत ना?

देवळालीकर

नाव ट्रान्सफर झालं का?

म्हसरूळकर

झालं काका. स्मार्ट कार्ड आलं परवा.

सातपूरचा_मिस्त्री

पैशाचं काय ते ठरवा. पण ब्लॉक काढून दहा दिवस झाले, क्रँककेसचं तोंड उघडं आहे ना? धूळ आत गेली तर नवीन किटसुद्धा वर्षभरात खाईल. निदान स्वच्छ कापड तरी बांधा. आणि नवीन बोअर बसला की पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या पुढे जाऊ नका, मोहदरी घाट तर विसराच.

म्हसरूळकर

कापड बांधलंय. बायकोची जुनी ओढणी. त्याचा फोन अजून आलेला नाही.